‘ध’चा ‘मा’ आणि खोट्याची नावं

आज एका अक्षराबद्दल बोलायचं आहे. तुम्ही सगळ्यांनी ते ऐकलेलं आहे. गटाच्या बैठकीत एकीनं सांगितलं एक आणि दुसरीनं पुढे पोचवलं भलतंच, की आपण लगेच म्हणतो, “हिनं ‘ध’चा ‘मा’ केला गं.” ही म्हण पुण्याच्या शनिवारवाड्यातून आली. पण जिच्या नावावर ती लावली गेली, त्या बाईचे शेवटचे दिवस आपल्याच जिल्ह्यात गेले, नाशिकला लागून असलेल्या आनंदवल्लीत. गावाचं नावच तिच्यावरून पडलं. ती आनंदीबाई, राघोबादादांची बायको.

हा विषय घेण्याचं कारण असं. आपल्या निफाड तालुक्यातल्या शाळांत वादविवाद स्पर्धा होतात आणि परीक्षक म्हणून मला कधीमधी बोलावणं येतं. एका शाळेत विषय होता, ‘आनंदीबाईंनी ध चा मा केला’. एक बाजू हो म्हणणारी, एक नाही म्हणणारी. नववीच्या मुली. तयारी उत्तम. पण मला गंमत वाटली ती एका गोष्टीची. दोन्ही बाजू मिळून खोट्यासाठी निदान सात-आठ शब्द वापरून गेल्या. थाप, खोटं, असत्य, बनाव, कुभांड, कपट, लबाडी, फसवणूक. त्यांना वाटत होतं, हे सगळे एकाच अर्थाचे, फक्त आवाज चढवायला एकापेक्षा एक मोठे. तसं नाही. प्रत्येक शब्द वेगळा आरोप करतो. आणि आरोप केला की तो सिद्ध करायची जबाबदारी बोलणारीवर येते. तिथंच बऱ्याच मुली अडकल्या.

आधी इतिहास काय आहे ते थोडक्यात सांगते, म्हणजे शब्द कुठे बसतात ते कळेल.

पानिपतानंतर ज्यांनी मराठी राज्य सावरलं ते थोरले माधवराव पेशवे १७७२च्या नोव्हेंबरात थेऊरला वारले. त्यांच्या जागी धाकटा भाऊ नारायणराव पेशवा झाला. वय जेमतेम सतरा-अठरा. त्याचे काका राघोबादादा, म्हणजे रघुनाथराव, यांना पेशवाई हवी होती. पुतण्यानं त्यांना शनिवारवाड्यातच नजरकैदेत ठेवलं. ३० ऑगस्ट १७७३ला, ऐन गणपतीच्या दिवसांत, वाड्यातल्या पहाऱ्याचे गारदी पगाराची तक्रार घेऊन आत घुसले. त्यांचा म्होरक्या सुमेरसिंग. नारायणराव पळत काकांकडे गेला. ‘काका, मला वाचवा’ हे शब्द तेव्हाचे म्हणून सांगितले जातात. काकांच्या समोर त्याला मारलं.

पुढे रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली आणि राघोबादादांना दोषी धरलं. नाना फडणीस आणि इतर कारभाऱ्यांनी मिळून राघोबादादांना बाजूला सारलं. त्यालाच बारभाईंचं कारस्थान म्हणतात. नारायणरावाची बायको गंगाबाई गरोदर होती. तिला मुलगा झाला, तो सवाई माधवराव, आणि राज्य त्याच्या नावानं चाललं.

आता अक्षर. गोष्ट अशी सांगतात की राघोबादादांनी गारद्यांना लेखी हुकूम दिला होता, ‘नारायणरावास धरावे’. म्हणजे पकडा. आनंदीबाईंनी तो कागद मधल्यामध्ये हातात घेतला आणि ‘धरावे’चं ‘मारावे’ केलं. ‘ध’चा ‘म’ आणि वर एक काना. एवढ्याशा शाईनं एका पेशव्याचा जीव गेला. गोष्ट सांगायला इतकी सोपी, की तिसरीच्या पोरालाही समजते. म्हणूनच ती टिकली असं माझं मत आहे. तो मूळ कागद मात्र आज कुणाला दाखवता येत नाही. कागदच नाही, तर कुठल्या हातानं काना दिला हे कसं ठरवणार? राघोबादादांवरचा दोष चौकशीतून आलेला आहे. आनंदीबाईंवरचा ‘ध’चा ‘मा’ आख्यायिकेतून आलेला आहे. दोन्हींचं वजन सारखं नाही. नवऱ्याचं नाव चौकशीत निघालं आणि म्हण मात्र बायकोच्या नावानं चालली, हेही जाता जाता ध्यानात ठेवा.

तर आता त्या मुलींकडे येऊ.

‘हो’ म्हणणाऱ्या बाजूची पहिली मुलगी उभी राहिली. तिनं गोष्ट रंगवून सांगितली. मग ‘नाही’ बाजूची एक ठसकेबाज मुलगी उठली आणि म्हणाली, “माझ्या मैत्रिणीनं आत्ता जी थाप मारली...” वर्गात खसखस पिकली. तिला वाटलं, मुद्दा जिंकला. पण थाप म्हणजे काय? आपण भाकरी थापतो, ढोलकीवर थाप पडते, पाठीवर शाबासकीची थाप देतो. तोंडानं मारलेली थाप तशीच, हलकी, जागच्या जागी, पटकन. ताजी असेल तर लोणकढी. लोणी कढवून नुकतंच काढलेलं तूप ते लोणकढं, तशी आत्ताच घडवलेली ती लोणकढी थाप. गृहपाठाची वही गाय खाऊन गेली, ही लोणकढी थाप. मोठ्या मावशीकडे लग्न होतं म्हणून बैठकीला आले नाही, हीही. थाप मारणाऱ्याला ठाऊक असतं की आपण रचतो आहोत. ऐकणाऱ्यालाही बहुतेक वेळा संशय असतोच. नुकसान फार नसतं. म्हणून थाप ऐकली की माणूस रागावतो त्याआधी हसतो.

आता बघा, तिच्या मैत्रिणीनं सांगितलेली गोष्ट थाप होती का? तिनं ती घडवली नव्हती. पुस्तकात, नाटकात, आजीच्या तोंडून ऐकलेलं सांगितलं होतं. मनापासून खरं मानून सांगितलं होतं. म्हणजे ‘थाप’ या शब्दातला निम्मा आरोप, की तू जाणूनबुजून रचलंस, तो तिथेच पडला. शिवाय विषय खुनाचा. खुनाच्या गोष्टीला ‘थाप’ म्हटलं की बोलणारीच हलकी दिसते. शब्द फार जड पडला तर चूक, तशीच फार हलका पडला तरी चूक.

यावर उत्तर द्यायला ‘हो’ बाजूची दुसरी मुलगी उठली आणि रागानं म्हणाली, “खोटारडी तू आहेस!” तिला मी थांबवलं. ‘खोटं’ आणि ‘खोटारडी’ या दोन शब्दांत जे अंतर आहे ते आपण घरात रोज विसरतो.

खोट म्हणजे मुळात दोष, उणीव. धंद्यात खोट आली म्हणजे तोटा झाला. पूर्वी रुपया हातात आला की सराफ तो दगडावर वाजवून बघायचा. आपल्या शेजारच्या चांदवडला टांकसाळ होती. तिथला चांदवडी रुपया या मुलखात चालायचा. बाजारात तऱ्हेतऱ्हेचे रुपये फिरत, प्रत्येकाचा बट्टा वेगळा, म्हणून वाजवून, वजन करून घ्यायची सवयच होती. चांगल्या चांदीचा आवाज खणखणीत. भेसळीचा आवाज बद्द. बद्द वाजला की ते खोटं नाणं. आता विचार करा, खोटं नाणं ज्या बाईच्या ओच्यात निघालं ती चोर होती का? तिला कुणीतरी दिलं, तिनं पुढे चालवलं. नाणं खोटं, बाई खरी. ‘हे विधान खोटं आहे’ म्हणताना आपण नाण्याबद्दल बोलतो. ‘ही खोटारडी आहे’ म्हणताना बाईबद्दल बोलतो, आणि तेही एका दिवसाबद्दल नाही, तिच्या सवयीबद्दल. खोटारडी म्हणजे जी नेहमीच खोटं बोलते ती. एका भाषणावरून एवढं कुणी कसं सिद्ध करणार? शाळेच्या स्पर्धेत हा शब्द आला की परीक्षक गुण कापतात, ते नुसतं वळण शिकवायला नाही. मुलगी मुद्दा सोडून माणसावर गेली, म्हणून कापतात.

बचत गटात हेच होतं. रजिस्टरमध्ये एका हप्त्याची नोंद राहून गेली. कुणी म्हणतं, चूक झाली. कुणी म्हणतं, नोंद खोटी आहे. कुणी म्हणतं, सचिव लबाड आहे. तिसरं वाक्य उच्चारलं की ती बाई पुढच्या महिन्यात रजिस्टरला हात लावत नाही, आणि कधी कधी गटातच राहत नाही. नोंदीची चूक दहा मिनिटांत दुरुस्त झाली असती. तो शब्द दुरुस्त करायला वर्ष जातं.

आता ‘असत्य’. हा शब्द मुलींना फार आवडतो. संस्कृत वाटतो, भाषणात शोभतो. त्याचा गुण असा, की तो वाक्यापुरताच राहतो. ‘हे असत्य आहे’ म्हणजे जे घडलं त्याच्याशी हे जुळत नाही, बस. कोण बोललं, का बोललं, यात तो शिरत नाही. म्हणूनच सभागृहांत बरीच वर्षं अशी रीत होती, की समोरच्या सदस्याला ‘खोटं बोलता’ म्हणायचं नाही, ‘आपलं म्हणणं असत्य आहे’ म्हणायचं. असंसदीय शब्द अध्यक्ष कामकाजातून काढून टाकतात. पण सौम्य शब्दही वापरून वापरून तापतो. जुलै २०२२ मध्ये लोकसभा सचिवालयानं असंसदीय शब्दांचं संकलन काढलं, त्यात ‘असत्य’ हा शब्दसुद्धा होता. केवढी ओरड झाली! मग लोकसभेच्या अध्यक्षांनी खुलासा केला की शब्दांवर बंदी नाही, आधी ज्या ज्या वेळी काढले गेले त्यांची ती यादी आहे. कोणत्या संदर्भात बोलला यावर ठरतं. पण बघा ना, ज्याला आडोसा म्हणून लोक धरत होते त्या शब्दावरही बोट आलं.

सभागृहात आणखी एक शब्द फार चालतो, ‘दिशाभूल’. हा फसवा आहे. आवाज मऊ, पण आरोप ‘असत्य’पेक्षा मोठा. सभागृहाची जाणूनबुजून दिशाभूल केली हे ठरलं, तर हक्कभंगापर्यंत प्रकरण जातं. कारण दिशाभूल म्हणजे ज्याला वाट ठाऊक आहे त्यानं दुसऱ्याला भलत्या वाटेला लावणं. त्यात हेतू आला. शाळेत मात्र पोरं ‘परीक्षकांची दिशाभूल केली’ असं सर्रास म्हणतात, अगदी किरकोळ तारखेच्या चुकीलाही.

आता मूळ प्रकरणाला भिडणारे शब्द. आनंदीबाईंनी खरंच काना दिला असेल, तर त्या कृतीला काय म्हणायचं? थाप नाही, खोटं बोलणंही नाही, कारण त्या काही बोलल्याच नाहीत. कागदात फेरफार केला. याला जुना शब्द कूटलेख. आपल्या जुन्या धर्मशास्त्राच्या ग्रंथांत खोट्या साक्षीदाराला कूटसाक्षी म्हटलं आहे. आजच्या बोलीत बनावट कागद. ‘बनाव’ शब्दाच्या पोटात ‘बनवणं’ आहे. काहीतरी हातानं तयार केलेलं लागतं, एखादा कागद, सही, ठरवून उभा केलेला साक्षीदार, ठरवून मांडलेला देखावा. म्हणून ‘हा बनाव आहे’ म्हणणाऱ्या मुलीला पुढचा प्रश्न ठरलेला असतो, बनवलं कुणी, कधी आणि कशाचं? ‘हो’ बाजूच्या मुलीला मी हाच प्रश्न विचारला. “बाळ, तो कागद कुठे आहे?” ती गप्प. मग म्हणाली, “पुस्तकात लिहिलंय.” पुस्तकात लिहिलंय हा गोष्ट सांगितल्याचा पुरावा झाला, कागद बदलल्याचा नाही.

तेवढ्यात ‘नाही’ बाजूला जोर आला. त्यांची शेवटची वक्ता म्हणाली, “म्हणजे हे आनंदीबाईंवर रचलेलं कुभांड आहे!” टाळ्या पडल्या. पण माझ्या मते याच शब्दानं तिनं हातची बाजू घालवली. का? कुभांड म्हणजे निरपराध माणसाला अडकवायला जाणूनबुजून रचलेला खोटा आरोप. आळ, बालंट, तोहमत हे त्याच्याच घरातले. पण आळ चुकूनही येतो, बालंट नशिबानंही येतं. कुभांड मात्र कुणीतरी रचावंच लागतं. तोवर त्या बाजूला एवढंच दाखवायचं होतं की पुरावा नाही. ‘कुभांड’ म्हटलं आणि आता दाखवायला हवं होतं की अमक्यानं, अमक्या वेळी, बाईला बदनाम करायला ही गोष्ट मुद्दाम जुळवली. तिच्याकडे ते कुठून येणार? तिनं ‘आख्यायिका’ म्हटलं असतं, ‘निराधार’ म्हटलं असतं, तर समोरची बाजू कोंडीत होती.

असं होऊ शकतं, की बारभाईंच्या बाजूच्या लोकांना ही गोष्ट सोयीची होती. असंही होऊ शकतं, की कुणीच रचली नाही, लोकांच्या तोंडी हळूहळू तयार झाली, जशी कंडी पिकते, आवई उठते, वावडी सुटते. या तीन शब्दांतसुद्धा रचणारा दिसत नाही. जुन्या मराठी पत्रांत आवई शब्द येतो तो अशाच अर्थी, शत्रू आला अशी आवई उठली, गाव पळालं. कुणी उठवली? ठाऊक नाही.

आणखी एक शब्द तिथं फसला, ‘कारस्थान’. एक मुलगी म्हणाली, “आनंदीबाई कारस्थानी होत्या आणि बारभाईंनीही कारस्थानच केलं, मग फरक काय?” प्रश्न हुशारीचा. पण त्या काळच्या भाषेत कारस्थान हा शिवीचा शब्द नव्हता. राज्याची मसलत, डावपेच, बेत याला कारस्थान म्हणत. ‘राजकारण’ही तसंच. बारभाईंचं कारस्थान म्हणजे अनेक कारभाऱ्यांनी मिळून केलेली मसलत. आज तो शब्द ऐकला की पडद्यामागे कुजबुजणारी माणसं दिसतात. सव्वादोनशे-अडीचशे वर्षांत शब्द काळवंडला. जुन्या गोष्टीवर भाषण करताना शब्द त्या काळचा की आजचा, एवढं बघावंच लागतं.

मग ‘कपट’. हा सगळ्यांत जड, आणि गंमत म्हणजे यात एकही वाक्य खोटं असावं लागत नाही. महाभारतातलं ‘नरो वा कुंजरो वा’ तुम्हाला माहीत आहे. अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला गेला. द्रोणाचार्यांनी धर्मराजाला विचारलं, माझा मुलगा मेला का? धर्मराज म्हणाला, अश्वत्थामा मेला, आणि मग हळूच, माणूस की हत्ती कुणास ठाऊक. वाक्य तपासलं तर त्यातून पळवाट काढता येते. पण द्रोणांनी शस्त्र टाकलं ते त्या वाक्यावर नाही, धर्मराजावरच्या विश्वासावर. तो विश्वास वापरला, म्हणून ते कपट. धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा तो त्या दिवशी खाली टेकला म्हणतात. शिक्षा वाक्याला नाही झाली, मनातल्या हेतूला झाली. ओठात एक आणि पोटात एक हे कपटाचं लक्षण, म्हणून ते सिद्ध करणं अवघड. पोट उघडून कोण दाखवणार? वादविवादात ‘कपट’ म्हणायचं तर दोन गोष्टी हातात लागतात. विश्वास होता, आणि तो ठरवून वापरला.

याच्या अगदी उलट टोकाला चहाडी बसते. चहाडी बऱ्याचदा शंभर टक्के खरी असते! तरी आपण तिला वाईट म्हणतो, कारण तीही दुसऱ्याच्या नुकसानीसाठी केलेली. म्हणजे खरं-खोटं हे एक माप झालं, आणि हेतू हे दुसरं. मराठी भाषा दोन्ही मापं वापरते, म्हणून तिच्याकडे एवढे शब्द.

इथे तोतयाची आठवण होते. पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले १७६१ साली. त्यांचं काय झालं याबद्दल लोकांच्या मनात संशय राहिला, आणि पत्नी पार्वतीबाईंनी तर त्यांचं मरण मान्यच केलं नाही. अशा वेळी एक माणूस उभा राहिला, म्हणाला मीच भाऊ. त्याला पकडून कोकणात कैदेत ठेवलं होतं, तिथून तो सुटला आणि १७७६ मध्ये त्यानं कोकणात बंड उभारलं. हजारो माणसं त्याच्या मागे गेली. शेवटी पकडून पुण्यात त्याला मारलं. तेच तोतयाचं बंड. तोतया म्हणजे जो बोलण्यापुरता नाही, अख्खाच्या अख्खा खोटा आहे तो. पण त्याच्यामागे गेलेली माणसं खोटी नव्हती. ती फसली होती. आजही कायद्याच्या मराठीत दुसऱ्याच्या नावानं वावरून गंडवण्याला ‘तोतयेगिरी करून ठकवणूक’ म्हणतात. मोबाइलवर ‘मी बँकेतून बोलतोय’ म्हणणारा तो तोतयाच.

‘फसवणूक’ हा शब्द मात्र आपल्या भागात भाषणापेक्षा पोलीस ठाण्यात जास्त ऐकू येतो. द्राक्षाच्या हंगामात व्यापारी बागेवर येतो, भाव ठरतो, थोडे पैसे रोख, बाकीचे ‘आठ दिवसांत’. माल जातो आणि माणूस हातावर तुरी देऊन जातो. शेतकरी म्हणतो, फसवणूक झाली. पोलीस कधी कधी म्हणतात, ही दिवाणी बाब आहे, कोर्टात दावा लावा. का म्हणतात? कारण पैसे बुडवणं आणि फसवणं कायद्यात एक नाही. ‘आठ दिवसांत देतो’ म्हणताना त्याचा द्यायचा विचार होता आणि नंतर धंदा बुडाला, तर ती थकलेली उधारी. म्हणतानाच द्यायचं नाही हे ठरलेलं होतं, तर ती ठकवणूक. वाक्य तेच, पैसे तेवढेच गेले, पण गुन्हा ठरतो तो बोलण्याच्या वेळच्या हेतूवर. मग हेतू दिसतो कशात? पत्ता खोटा दिला होता का, नाव दुसरंच होतं का, ज्या खात्यात पैसेच नाहीत किंवा जे खातंच बंद आहे त्याचे धनादेश आधीपासून वाटत होता का, त्याच आठवड्यात चार गावांत हीच बोलणी केली का. तक्रार लिहिताना ‘त्यानं मला फसवलं’ एवढंच दहा वेळा लिहिण्यापेक्षा ही खूण लिहिली तर उपयोग होतो. लबाडाच्या घरचं आवतण जेवल्याशिवाय खरं नाही, असं आपण म्हणतो. पण जेवण मिळालं नाही म्हणून तो लबाड होताच, असं कोर्ट म्हणत नाही.

हे सगळं न्यायाधीशाच्या कामासारखं वाटेल, आणि वाटू दे. आपलं निफाड हे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानड्यांचं जन्मगाव, १८ जानेवारी १८४२. ते न्यायाधीश तर होतेच, पण मराठीत जाहीर बोलायची शिस्त लावणाऱ्यांतले एक होते. पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती त्यांनी, १८७५ साली. ती चालवणाऱ्या सभेचं नाव वक्तृत्वोत्तेजक सभा. लोकांनी उभं राहून मुद्देसूद बोलावं म्हणून सभा काढावी लागली, म्हणजे ते आपोआप येत नव्हतं. त्यांच्या पत्नी रमाबाई. त्यांचं पहिलं जाहीर भाषण नाशिकला झालं. ज्या काळात बाईनं चारचौघांत तोंड उघडणं हीच बातमी होती, त्या काळची ही गोष्ट. अशा बाईला ‘खोटारडी’ म्हणायला लोकांना कारण लागत नसे. तिला प्रत्येक शब्द तोलूनच टाकावा लागे.

तर त्या दिवशी निकाल काय लागला? गुण देताना मी आणि माझ्या जोडीचे सर, दोघांनी वेगवेगळे कागद भरले. ‘नाही’ बाजू थोडक्यात जिंकली, पण शेवटच्या मुलीमुळे नव्हे. त्यांच्या मधल्या मुलीमुळे. ती फार सावकाश बोलली होती, टाळ्याही फारशा पडल्या नव्हत्या. ती म्हणाली होती साधारण असं: माझ्या मैत्रिणी जे सांगतात ते त्यांनी ऐकलेलं आहे, त्या खोटं बोलत नाहीत. नारायणरावांचा खून झाला हे खरं आहे. राघोबादादांना दोषी धरलं हेही खरं आहे. आनंदीबाईंनी अक्षर बदललं, याला मात्र कागदाचा आधार मिळत नाही. म्हणून मी याला आख्यायिका म्हणते, आणि याहून मोठा शब्द वापरायला माझ्याकडे पुरावा नाही.

तिला मी नंतर विचारलं, “कुभांड म्हणावंसं नाही वाटलं तुला?” ती म्हणाली, “वाटलं होतं बाई. पण मग तुम्ही विचारलं असतं, कुणी रचलं.”